ग्रँट संपली, बिलं उरली: सरकारी हिशेब कंपनीच्या हिशेबापेक्षा वेगळा का?

प्रश्न: आधी खासगी कंपनीत अकाउंट्स बघत होतो. टॅली, जीएसटी, ऑडिट, सगळं येतं. आता एका ग्रामीण रुग्णालयात लेखा लिपिक म्हणून लागलोय. इथे ना नफा-तोटा पत्रक, ना ताळेबंद, ना घसारा. जानेवारी ते मार्चची वीजबिलं थकली आहेत, तरी हिशेबात कुठेच दिसत नाहीत. वर वर्षअखेरीला सगळे खूश, की ‘खर्च शंभर टक्के झाला’. हा हिशेब नेमका कसला?

उत्तर:

तुमच्या वीजबिलावरच सगळं उलगडता येईल, म्हणून तेच धरून चालू. आकडे सोपे घेतो. रुग्णालयाचं बिल दरमहा ६० हजार, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. ‘०६ - दूरध्वनी, वीज व पाणी शुल्क’ या उद्दिष्टाखाली, म्हणजे खर्चाच्या प्रकाराच्या शीर्षाखाली, वर्षभरात मिळालेली तरतूद ६ लाख. सोयीसाठी फोन आणि पाणी बाजूला ठेवू.

एप्रिलमध्ये पहिलं बिल येतं ते मागच्या मार्चचं. ते दिलं, ६० हजार गेले. उरले ५ लाख ४० हजार. त्यात एप्रिल ते डिसेंबर अशी नऊ महिन्यांची बिलं बसली आणि तरतूद शून्यावर आली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी तीन बिलं, १ लाख ८० हजारांची, टेबलावर राहिली. आता सरकारी हिशेब काय सांगतो? तरतूद ६ लाख, खर्च ६ लाख, शिल्लक शून्य. कंपनीत तुम्ही ३१ मार्चला काय केलं असतं? खर्च ७ लाख २० हजार दाखवला असता, १ लाख ८० हजार देणं म्हणून ताळेबंदात घातलं असतं आणि मागच्या मार्चचे ६० हजार या वर्षाच्या खर्चातून वगळले असते. एकच रुग्णालय, एकच मीटर, एकच वर्ष, पण खर्चाचे आकडे दोन. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत.

पुढच्या वर्षी खरी गंमत दिसते. तरतूद पुन्हा ६ लाख. त्यातले १ लाख ८० हजार जुन्या तीन बिलांत गेले, उरलेल्या ४ लाख २० हजारांत एप्रिल ते ऑक्टोबर भागलं. आता पाच महिने थकले, ३ लाख. त्याच्या पुढच्या वर्षी सात महिने थकतील, ४ लाख २० हजार. थकबाकी दरवर्षी १ लाख २० हजारांनी वाढतेय, विलंब आकार वेगळाच. पण तिन्ही वर्षांचे हिशेब शेजारी ठेवून बघा: ६ लाख, ६ लाख, ६ लाख. बाहेरचा माणूस म्हणेल, किती शिस्तीचं कार्यालय!

याला रोखीचा आधार म्हणतात. शासकीय लेखा नियम, १९९० मध्ये तो मांडलेला आहे: काही ठरावीक पुस्तकी समायोजनं सोडली, तर त्या वर्षात प्रत्यक्ष जे मिळालं आणि जे दिलं गेलं तेवढंच त्या वर्षाच्या हिशेबात. केव्हा देणं लागू झालं, वीज केव्हा वापरली, हे तो विचारत नाही. तो एवढंच विचारतो की कोषागारातून रक्कम केव्हा गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग असा अर्धवट हिशेब ठेवायचाच कशाला? कारण तो दुसऱ्याच कोणासाठी ठेवलेला आहे. कंपनीचा हिशेब भागधारकाला सांगतो की त्याचं भांडवल वाढलं की आटलं. म्हणून तिथे उत्पन्नाशी त्याच काळाचा खर्च जुळवावा लागतो, नाहीतर नफ्याचा आकडा खोटा पडतो. तुमच्या रुग्णालयात नफाच काढायचा नाही. बाळंतपणं जास्त झाली म्हणून उत्पन्न वाढत नाही आणि साथ आली म्हणून तोटा होत नाही. खर्चाच्या समोर ठेवायला विक्रीचा आकडाच नाही, त्यामुळे ती जुळवाजुळव करून हाती काही लागत नाही. इथे हिशेब तपासतं विधिमंडळ, आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो: आम्ही जेवढी मंजुरी दिली, ज्या कामासाठी दिली, ज्या वर्षासाठी दिली, त्याच्या आत तुम्ही राहिलात का?

ही मंजुरी नुसती अंदाजाची नसते, तो कायदा असतो. कंपनीत बजेट ओलांडलं तर एमडी कारण विचारतो. धंदा वाढला म्हणून खर्च वाढला असेल तर पाठ थोपटतो. इथे राज्याच्या एकत्रित निधीतून एक रुपया काढायचा तरी संविधानाच्या अनुच्छेद २०४ प्रमाणे विनियोजन अधिनियम लागतो. मागणीनुसार मतदान होतं, मग मुख्य लेखाशीर्ष, गौण शीर्ष, उपशीर्ष असं खाली उतरत तुमच्या उद्दिष्टापर्यंत तरतूद येते. तुमच्याकडचा लांबलचक लेखाशीर्ष नीट वाचायला शिका, निम्मी सरकारी अकाउंटन्सी त्यातच आहे. सुरुवात २२१० ने झाली तर वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्याचा महसुली खर्च. ४२१० असेल तर त्याच खात्याचा भांडवली खर्च. ०२१० म्हणजे त्याच खात्याची जमा. पहिला आकडा ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्जं, आणि ८ म्हणजे मुख्यतः लोकलेखा, सरकारकडे नुसते सांभाळायला असलेले पैसे. तामिळनाडूत गेलात तरी २२१० चा अर्थ हाच, कारण लेख्यांचा नमुना अनुच्छेद १५० खाली नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवतात.

प्रत्यक्षात हे नियंत्रण तुम्हाला रोज भेटतं ते बीम्सवर, म्हणजे तरतूद वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर. तरतूद विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे, तिथून तुमच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे, म्हणजे आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे वाटप होते. देयक तयार करताना त्या उद्दिष्टाखाली शिल्लक असेल तरच प्राधिकारपत्र निघतं आणि ते जोडल्याशिवाय कोषागार देयक घेत नाही. टॅलीत तुम्ही आधी खर्चाची नोंद करायचात आणि पैसे नंतर शोधायचात. इथे शिल्लक नसेल तर नोंदच जन्माला येत नाही. तुमची तीन बिलं हिशेबात ‘दिसत नाहीत’ याचं साधं कारण हे आहे. कोणी लपवलेली नाहीत, त्यांना आत यायला दारच नाही.

दुसऱ्या उद्दिष्टाखाली पैसे पडून असतील तर? ‘१३ - कार्यालयीन खर्च’मध्ये लाख रुपये उरलेत आणि वीजबिल थकलंय, असं हमखास होतं. त्यासाठी पुनर्विनियोजनाचा रस्ता आहे, पण तो तुमच्या पातळीवरचा नाही. सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, तो ३१ मार्चच्या आत लागतो, महसुलीतून भांडवलीत किंवा मतदानाने मंजूर झालेल्या दत्तमतातून मतदान न लागणाऱ्या भारितमध्ये पैसे नेता येत नाहीत, एका मागणीतून दुसऱ्या मागणीत तर नाहीच नाही. ‘तात्पुरतं इथून खर्ची टाकू, नंतर बघू’ असं म्हणून कोणी वीजबिल कार्यालयीन खर्चात घालायला सांगितलं, तर करू नका. ती चूक महालेखापालांच्या कार्यालयाशी खर्चमेळ घेताना पकडली जाते, आणि तोवर वर्ष बदललेलं असेल तर निस्तरता निस्तरता नाकीनऊ येतात.

जमेच्या बाजूलाही तुमचा कंपनीतला हात आवरावा लागेल. समजा जुन्या खाटा आणि भंगार लिलावात ४० हजारांना गेलं. कंपनीत ते पैसे बँकेत आले की त्यातूनच पंखे घेतले असते. इथे ते चलनाने ०२१० खाली कोषागारात भरायचे. पंख्यांसाठी तरतूद वेगळी मागायची. शासकीय जमेतून परस्पर खर्च करणं हा गंभीर आक्षेप आहे, अगदी पंख्याखाली रुग्णच झोपणार असले तरी. नियम आडमुठा वाटतो, पण तो काढला तर ज्या कार्यालयाची वसुली जास्त त्याचा खर्च जास्त अशी स्थिती होईल आणि विधिमंडळाच्या मतदानाला काही अर्थ राहणार नाही.

घसाऱ्याचं उत्तर यातच दडलेलं आहे. समजा ‘५२ - यंत्रसामग्री’मधून मार्चमध्ये १२ लाखांचं क्ष-किरण यंत्र घेतलं. कंपनी ते मालमत्तेत धरेल आणि उपयुक्त आयुष्य दहा वर्षं धरलं तर वर्षाला साधारण १ लाख २० हजार खर्चात टाकेल. तुमच्याकडे २२१० खालचे १२ लाख त्याच वर्षी खर्च, आणि १ एप्रिलपासून ते यंत्र पैशाच्या हिशेबातून गायब. ते उरतं फक्त जडवस्तू नोंदवहीत, तेही नग म्हणून. इमारत बांधली तर ती ४२१० खाली जाते, आणि वित्त लेख्यांमध्ये भांडवली खर्चाची बेरीज वर्षागणिक पुढे नेली जाते. पण तिथेही मूळ खर्चच राहतो, झीज वजा होत नाही. तीस वर्षांपूर्वीची गळकी इमारत कागदावर तेवढ्याच रकमेची. नफा काढायचा नसल्यामुळे झीज मोजायची गरज कुणाला पडली नाही. मात्र याचा एक वाईट परिणाम होतो. यंत्र केव्हा बदलावं लागणार याची सूचना हिशेबातून कधीच येत नाही. बंद पडलं की मग प्रस्ताव, मग तरतूद, मग निविदा, आणि तोवर रुग्ण जिल्हा रुग्णालयात पाठवायचे. त्यामुळे नोंदवहीत खरेदीचं वर्ष आणि देखभाल कराराची मुदत स्वतःहून लिहून ठेवा.

आता ‘शंभर टक्के खर्च’ या कौतुकाकडे येतो. तरतूद वर्षापुरती असते. ३१ मार्चला न वापरलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि वेळेत समर्पित, म्हणजे वर परत केली नाही तर ठपका येतो. शिवाय पुढच्या वर्षाचे अंदाज ठरवताना मागच्या वर्षांचा खर्च बघतात. ज्याने काटकसर करून ८० टक्क्यांत भागवलं त्याला पुढच्या वर्षी ८० टक्केच मिळण्याची भीती. कंपनीत वाचलेला पैसा नफ्यात दिसतो, इथे तो ‘अंदाज चुकला’ म्हणून दिसतो. विनियोजन लेख्यांमध्ये महालेखापरीक्षक बचत आणि अधिक खर्च दोन्हींवर बोट ठेवतात. अधिक खर्च झाला तर तो अनुच्छेद २०५ खाली विधिमंडळाकडून नियमित करून घ्यावा लागतो, तत्पूर्वी लोकलेखा समितीसमोर साक्ष. त्यामानाने बचतीचा खुलासा दोन ओळींत संपतो. साहजिकच वर्षभर हात आखडता आणि मार्चमध्ये मोकळा.

आणि मार्चमध्येच रोखीच्या आधाराची दुसरी बाजू उघडी पडते. आपण म्हटलं की पैसे गेले की खर्च. पण कुठे गेले? विभागाने २८ मार्चला एकत्रित निधीतून रक्कम काढून ८४४३ - नागरी ठेवी याखालच्या स्वीय प्रपंजी लेख्यात, म्हणजे अधिकाऱ्याच्या नावे कोषागारातच असलेल्या ठेव खात्यात टाकली, तर २२१० खाली खर्च पूर्ण दिसतो. प्रत्यक्षात रुपया अजून सरकारच्याच तिजोरीत, फक्त एकत्रित निधीतून लोकलेख्यात सरकलेला. औषधं आलेली नाहीत, पुरवठादाराला पैसे मिळालेले नाहीत, पण खर्च झाला! संक्षिप्त आकस्मिक देयकावर आगाऊ रक्कम काढून ठेवली तरी तेच: तपशीलवार देयक यायचं बाकी, पण हिशेबात खर्च पडून गेलेला. म्हणून रोखीचा हिशेब सोपा आणि खोटं बोलायला अवघड, असं जे ऐकायला मिळतं ते अर्धंच खरं. तुमची वीजबिलं खर्च कमी दाखवतात, मार्चमधला हा प्रकार जास्त दाखवतो, आणि दोन्ही ठिकाणी तरतुदीशी मेळ मात्र तंतोतंत बसतो. तातडीने द्यायची गरज नसताना कोषागारातून रक्कम काढू नये असा स्पष्ट नियम आहे, तरीही नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्त अहवालांत हा विषय पुन्हा पुन्हा येतो.

सरकारला व्यापारी पद्धत कळत नाही असं समजू नका. जिथे सरकार स्वतः धंदा करतं तिथे ती वापरतंच. आपल्याकडच्या शासकीय दूध योजना बघा. दूध घ्यायचं, विकायचं, म्हणजे लिटरमागे काय पडलं हे कळायलाच हवं. तिथे रोखीच्या हिशेबाबरोबर प्रोफॉर्मा लेखे वेगळे करावे लागतात: घसारा, भांडवलावरचं व्याज, शिल्लक माल, सगळं धरून नफा-तोटा आणि ताळेबंद. अडचण एवढीच, की हे लेखे वर्षानुवर्षं मागे राहतात आणि लेखापरीक्षणात तोच शेरा पडत राहतो. रोखीचा हिशेब नाही केला तर पगार थांबतो, प्रोफॉर्मा लेखे नाही केले तर काहीच थांबत नाही, मग मागे पडणार ते दुसरेच. नगरपालिकांमध्ये उपार्जित पद्धत, म्हणजे देणं लागू झालं की लगेच नोंद करण्याची कंपन्यांसारखी पद्धत, आली आहे. राज्य आणि केंद्र सरकारांनीही हळूहळू तिकडे वळावं असं बाराव्या वित्त आयोगाने सुचवलं होतं, आणि शासकीय लेखा मानकांसाठी २००२ साली सल्लागार मंडळही नेमलं गेलं. तरी मुख्य हिशेब आजही रोखीचाच आहे. माझं मत विचाराल, तर घसारा नसला तरी चालेल, पण न दिलेल्या बिलांची यादी तरी प्रत्येक वित्त लेख्याला जोडलीच पाहिजे. संपूर्ण उपार्जित पद्धत आणण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

तोवर तुमच्या टेबलावर तुम्हीच ती यादी ठेवू शकता, आणि कंपनीतली सवय इथे उपयोगी पडेल. दायित्व नोंदवही उघडा. प्रत्येक बिल आलं त्या दिवशी लिहा, पैसे दिले त्या दिवशी नाही: बिलाचा महिना, रक्कम, मिळाल्याची तारीख, उद्दिष्ट, प्रमाणक क्रमांक. शेवटचा रकाना रिकामा राहिला की ते तुमचं देणं. दर महिन्याला बीम्सवरचा खर्च, कोषागाराचा खर्च आणि तुमची देयक नोंदवही यांचा ताळमेळ घ्या, आणि त्याच कागदावर खाली थकीत बिलांची बेरीज लिहा.

जुन्या वर्षांत काय झालं हे शोधायचं तर वीजबिलांची प्रमाणकं काढा आणि पैसे दिल्याच्या तारखेऐवजी बिलाचा महिना बघा. एका आर्थिक वर्षात दिलेली बिलं मोजा. दर वर्षी बाराच्या आसपास भरत असतील तर निदान घसरण नाही. वर घेतलेल्या उदाहरणात दर वर्षी दहाच भरतात. हा दहाचा आकडा कुठल्याही सरकारी विवरणात तुम्हाला सापडणार नाही, पण तोच तुमच्या साहेबांना सगळ्यात आधी दाखवा.

मग मागणी. आठमाही सुधारित अंदाज पाठवताना नुसतं ‘६ लाखांऐवजी ८ लाख द्यावेत’ असं लिहिलंत तर वरचा लिपिक १० टक्के वाढ देऊन मोकळा होईल. दोन ओळी वेगळ्या करा. पहिली, चालू वर्षाच्या बारा महिन्यांची गरज, ७ लाख २० हजार. दुसरी, मागील वर्षांची थकबाकी, महिन्यांसह. पहिली कायमची गरज आहे, ती पुढच्या अर्थसंकल्पीय अंदाजात शिरली पाहिजे. दुसरी एकदाच लागणारी आहे, ती पुरवणी मागणीतून किंवा पुनर्विनियोजनातून भागू शकते. दोन्ही एकत्र टाकल्या की वरच्या कार्यालयाला वाटतं हे वाढवून मागतायत, आणि नेमकी पहिली ओळ कापली जाते. आठमाहीचे आकडे नोव्हेंबरअखेरच्या खर्चावर बसवतात आणि डिसेंबरच्या हिवाळी अधिवेशनाची पुरवणी तोवर जवळजवळ बांधून झालेली असते. त्यामुळे थकबाकीचं पत्र त्याआधीच, चारमाहीच्या वेळी, बिलांच्या प्रतींसह वर गेलेलं बरं.